झबल्याच्या बिस्किटावरचं आयसिंग : किती घट्ट, किती पातळ आणि किती वेळ वाळवायचं

आपल्या बऱ्याच गटांकडे आता ओव्हन आला आहे. नानकटाई, जिऱ्याची बिस्किटं, नाचणीची बिस्किटं तुम्ही सराईतपणे करता. पण हल्ली बारशाला, वाढदिवसाला एक वेगळीच मागणी येते. झबल्याच्या, चांदणीच्या, फुलपाखराच्या आकाराची बिस्किटं हवीत, वर रंगीत गुळगुळीत साखरेचा थर हवा आणि त्यावर बाळाचं नाव हवं. अशा एका बिस्किटाला साध्या बिस्किटाच्या कितीतरी पट भाव मिळतो, म्हणून गट ऑर्डर घेतो. बिस्किट चांगलं होतं, पण वरचा थर काठावरून ओघळतो, नावाचा लाल रंग पिवळ्यात उतरतो, नाहीतर डब्यात एकावर एक ठेवलेली बिस्किटं एकमेकींना चिकटून येतात. हे सगळं घडतं दोनच कारणांनी. एक म्हणजे आयसिंगमध्ये पाणी किती आहे आणि दुसरं म्हणजे ते वाळायला आपण किती वेळ दिला. आज तेवढंच बोलू या.

या साखरेच्या थराला रॉयल आयसिंग म्हणतात. केकवर जे मऊ लोणकट क्रीम असतं, ते हे नव्हे. यात लोणी-तूप काही नसतं. पिठीसाखर, पाणी आणि अंड्याचा पांढरा भाग, एवढंच. पाणी उडून गेलं की साखरेचे अगदी बारीक स्फटिक तयार होतात, अंड्यातलं प्रथिन त्यांना धरून ठेवतं आणि थर टणक होतो. म्हणूनच हे बिस्किट पिशवीत भरता येतं, गावाहून गावाला नेता येतं.

आता आपण एक ऑर्डर हातात घेऊन पुढे जाऊ. समजा, रविवारी सकाळी दहा वाजता बारसं आहे. चाळीस बिस्किटं हवीत, झबल्याच्या आकाराची, साधारण तळहाताएवढी. फिकट पिवळं झबलं, त्यावर पांढरे ठिपके, गळ्याशी एक छोटं फूल आणि मधोमध गडद लाल अक्षरात बाळाचं नाव.

सगळ्यात आधी ऑर्डर देणाऱ्या बाईंना एक प्रश्न विचारायचा. "अंडं चालेल का?" बारशाच्या घरात हा प्रश्न नाजूक असतो. कच्च्या अंड्याचा पांढरा भाग तर वापरायचाच नाही. कच्च्या अंड्यातून पोटाचा आजार होऊ शकतो आणि बारशाला बाळंतीण असते, लहान मुलं असतात, म्हातारी माणसं असतात. त्याऐवजी केकचं सामान मिळतं त्या दुकानात मेरिंग पावडर मिळते. तीही अंड्याच्या पांढऱ्या भागाचीच असते, पण जंतू मारून वाळवलेली. पावडर दिसते म्हणून ती शाकाहारी होत नाही, हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगायचं. अंडं चालत नसेल, तर त्याच दुकानात अंड्याविना रॉयल आयसिंगची तयार पावडर मिळते. तिचं प्रमाण पाकिटावर दिलेलं असतं, तेच पाळायचं. बाकी घट्ट-पातळचं सगळं गणित तिलाही लागू आहे. फक्त ती किती वेळात वाळते ते आधी दोन बिस्किटांवर करून बघायचं.

मेरिंग पावडरचं प्रमाण असं. अर्धा किलो आयसिंग शुगर, तीन मोठे चमचे मेरिंग पावडर आणि पाच ते सहा मोठे चमचे कोमट पाणी. चमचा मापाचा घ्या, पंधरा मिलिलिटरचा. एवढ्यात तळहाताएवढी पंचवीस ते तीस बिस्किटं होतात. आपली चाळीस आहेत, म्हणून दीडपट घेऊ. म्हणजे पाऊण किलो साखर, साडेचार चमचे पावडर आणि सुरुवातीला साडेसात चमचे पाणी. लागलं तर आणखी एक-दीड चमचा.

इथे काही जणी म्हणतील, साखर घरीच मिक्सरमध्ये दळली तर? नानकटाईला ती चालते, इथे नाही. घरच्या पिठीसाखरेत बारीक कण राहतात आणि नोझलच्या टोकाला एक कण जरी अडकला तरी रेघ तुटते. विकतची आयसिंग शुगरसुद्धा मैद्याच्या चाळणीपेक्षा बारीक चाळणीने दोनदा चाळून घ्या.

दुसरी गोष्ट भांड्याची. तुपाचा, तेलाचा अंशही नको. स्निग्धपणा असला की अंड्याचं प्रथिन फुलतच नाही आणि आयसिंग पाणीदार राहतं. प्लॅस्टिकचं भांडं कितीही घासलं तरी त्याला तेलाचा हात राहतो, म्हणून स्टीलचं किंवा काचेचं घ्या. साखर आणि पावडर कोरडीच मिसळा, पाणी घाला आणि हँड मिक्सर सगळ्यात कमी वेगावर सात ते दहा मिनिटं चालवा. आधी ते चकचकीत आणि जड दिसेल. मग हळूहळू चमक कमी होईल, रंग पांढराशुभ्र होईल आणि मिक्सरची पाती वर उचलली की आयसिंगचं टोक उभं राहील. तिथेच थांबायचं. त्यापुढे फेटत राहिलं तर त्यात फार हवा भरते आणि वाळल्यावर थर ठिसूळ, भोकाभोकांचा होतो.

हे झालं आपलं मूळ आयसिंग. हे कडक आहे आणि पहिल्यांदा नेहमी कडकच करायचं. कडक आयसिंग पातळ करायला पाण्याचे चार थेंब पुरतात. पातळ झालेलं घट्ट करायला मात्र पुन्हा साखर चाळा, ढवळा, आणि रंगही मग फिका होतो. म्हणून यातलं अर्धी वाटी आयसिंग रंग न घालता, कडकच बाजूला काढून ठेवा. ते आपलं राखीव. कुठलीही वाटी जास्त पातळ झाली तर त्यातला एखादा चमचा मिसळला की काम भागतं.

आता वाटण्या करू. एका लहान वाटीत लाल रंगासाठी, एका लहान वाटीत पांढऱ्या ठिपक्यांसाठी आणि एका वाटीत फुलासाठी थोडं थोडं काढा. उरलेलं सगळं पिवळं करा. रंग जेलचा घ्या. पाण्यासारखा रंग घातला की आयसिंग आपोआप पातळ होतं आणि आपलं माप बिघडतं. रंग घालायचा तो कडक असतानाच, पाणी नंतर. पिवळ्या वाटीतला चौथा हिस्सा रेघेसाठी वेगळा काढा आणि बाकीचा आत भरायला ठेवा. रेघ आणि भराव एकाच वाटीतून आले की रंगात फरक पडत नाही.

सगळ्या वाट्यांवर लगेच ओलं, पिळलेलं फडकं टाका. हे आयसिंग उघडं राहिलं की पाच-दहा मिनिटांत त्यावर साय धरल्यासारखी पापडी येते आणि ती पापडीच पुढे नोझलमध्ये अडकते.

आता मुख्य मुद्दा. एकाच आयसिंगची तीन रूपं करायची आहेत. रेघ ओढायचं, आत भरायचं आणि फुलं-अक्षरं काढायचं.

फुलाचं आयसिंग सगळ्यात कडक. ते चक्क्यासारखं असतं. चमचा उलटा केला तरी पडत नाही आणि टोक वर काढलं तर ताठ उभं राहतं. चांदणीच्या आकाराच्या नोझलने काढलेल्या फुलाच्या पाकळ्या याच्यातच नीट उठतात. यात पाणी घालायचंच नाही. जसं फेटलं तसं वापरायचं.

रेघेचं आयसिंग टूथपेस्टसारखं. कडक आयसिंगमध्ये पाव चमचा पाणी घाला, ढवळा, बघा, मग पुन्हा पाव चमचा. चमचा वर उचलला की टोक येतं, पण ते जरा वाकतं, म्हणजे जमलं. याचं काम कुंपणाचं आहे. ते बिस्किटाच्या काठाजवळ उभं राहिलं पाहिजे, पसरता कामा नये. आणि नोझलमधून सलगही आलं पाहिजे, तुटता कामा नये. वळणावर रेघ तुटत असेल आणि पिशवी दाबून हात दुखत असेल, तर ते जास्त कडक आहे. रेघ काढल्यावर ती चपटी होऊन रुंद होत असेल, तर ते जास्त पातळ आहे.

भरायचं आयसिंग सगळ्यात पातळ. साधारण मधासारखं. आणि इथे नजरेवर भरवसा ठेवायचा नाही, मोजायचं. वाटीतल्या आयसिंगमधून सुरीने मधोमध एक रेघ ओढा आणि घड्याळाकडे बघून सेकंद मोजा. रेघ पुसली जाऊन वरचा भाग पुन्हा सपाट व्हायला दहा ते बारा सेकंद लागले, की भरायला योग्य. पाच-सहा सेकंदांतच सपाट झालं तर ते फार पातळ आहे. ते कुंपणावरून ओघळेल, वाळायला जास्त वेळ घेईल आणि वाळताना मध्येच खड्डा पडेल. पंचवीस सेकंद झाले तरी रेघ दिसतेच आहे, तर ते अजून रेघेच्या कामाचं आहे. भरायला घेतलं तर गुळगुळीत न होता ढेकळं दिसतील.

पाणी घालायला चमच्यापेक्षा नवी, स्वच्छ फवाऱ्याची बाटली बरी. एक-दोन फवारे मारा, ढवळा, मोजा. शेवटी शेवटी तर एकेक फवारा. बारा सेकंदांवरून सहा सेकंदांवर यायला फार थोडं पाणी पुरतं. आणि ढवळायचं ते हळू, भांड्याच्या कडेने, वरण ढवळतो तसं. जोराने फेटलं तर हवा शिरते आणि नंतर प्रत्येक बिस्किटावर बुडबुडे फुटतात. ढवळून झालं की वाटी झाकून पंधरा मिनिटं ठेवा. आतले बुडबुडे वर येतील. वाटी ओट्यावर दोन-चारदा हलकेच आपटली की ते फुटतील.

आता कामाला बसू. बिस्किटं आदल्या दिवशी भाजून ठेवलेली, पूर्ण गार हवीत. गरम बिस्किटावर आयसिंग घातलं की लोणी वितळून वर येतं आणि पिवळ्या थरावर तेलकट डाग पडतात. बिस्किटाच्या पिठात बेकिंग पावडर शक्यतो नको. ती फुगते, आकार पसरतो आणि वरचा भाग सपाट राहत नाही. फुगीर बिस्किटावर पातळ आयसिंग एका बाजूला वाहून जातं.

पायपिंग बॅगमध्ये दोन नंबरचं नोझल बसवा आणि रेघेचं पिवळं भरा. पिशवी अर्धीच भरा, म्हणजे ती मुठीत राहते. नोझलचं टोक बिस्किटाला टेकवून सुरुवात करा, पण लगेच ते सुमारे एक सेंटिमीटर वर उचला आणि आयसिंगचा धागा खाली सोडत चला. टोक घासत नेलं तर रेघ वाकडी येते. धागा सोडला तर ती आपोआप सरळ पडते, अगदी रांगोळी चिमटीतून सोडतो तशी. काठापासून दोन-तीन मिलिमीटर आत राहा. शेवट आला की आधी दाब सोडा, मग टोक उचला. दाब न सोडता उचललं की शेपूट राहते.

चाळीसही बिस्किटांच्या रेघा आधी पूर्ण करा. शेवटच्या बिस्किटाला पोचेपर्यंत पहिल्याची रेघ दहा-पंधरा मिनिटं वाळलेली असते. तेवढं पुरे. रेघ रात्रभर वाळवायची गरज नाही. उलट ती थोडी ओलसर असली तर भराव तिच्याशी एकजीव होतो आणि वेगळी कड दिसत नाही.

भरताना मात्र एकावेळी एकच बिस्किट पूर्ण करायचं. आतल्या भागात नागमोडी भरत जा, पण अगदी रेघेला टेकवू नका. जरा जागा सोडा आणि टूथपिकने आयसिंग रेघेपर्यंत ओढून न्या. मग बिस्किट ओट्यावरच दोन्ही बाजूंना हलकेच हलवा. सगळं सपाट होईल. थर रेघेच्या उंचीइतका किंवा किंचित वर हवा. कमी भरलं तर वाळल्यावर मध्ये खोलगट दिसतं. वर आलेले बुडबुडे टूथपिकच्या टोकाने लगेच फोडा. हे सगळं साधारण मिनिटभरात उरकायला हवं, कारण त्यानंतर पापडी धरायला लागते आणि टूथपिक लावली की सुरकुती पडते.

पांढरे ठिपके याच वेळी द्यायचे. पांढरं आयसिंगही दहा-बारा सेकंदांचंच घ्या, पिवळ्याइतकंच. ओल्या पिवळ्यावर ठिपका सोडला की तो आत बसतो आणि वरचा भाग एकसारखा सपाट राहतो. पांढरं जास्त घट्ट असेल तर ठिपका उंचवट्यासारखा वर राहील. जास्त पातळ असेल तर पिवळ्यात पसरेल. दोन्ही वाट्या सारख्या असल्या, की ठिपका गोल राहतो.

बिस्किट भरून झालं, की ते ताटात ठेवून लगेच पंख्याच्या वाऱ्यात न्या. हे "लगेच" महत्त्वाचं आहे. पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत वर पापडी लवकर धरली, तर थर खचत नाही, खड्डे पडत नाहीत आणि चमकही चांगली येते. टेबल फॅन असेल तर उत्तम. तो ताटांच्या समोर, दोन-तीन हातांवर ठेवा. छताचा पंखाही चालेल, पण खाली धूळ नसावी. ताटं एकमेकांवर रचू नका. प्रत्येक बिस्किटावरून वारा गेला पाहिजे.

आता वाळण्याचं बोलू, कारण सगळ्यात जास्त घाई इथेच होते. अर्ध्या तासात वरची पापडी धरते. दोन तासांनी बोट लावलं तर बोटाला काही लागत नाही. म्हणून वाटतं, झालं. पण ते नुसतं वरून झालेलं असतं. आत दही असतं तसा ओला थर असतो. त्यावर आता नाव काढलं, तर अक्षराच्या दाबाने पापडी तडकते, किंवा खालचा ओलावा वर येऊन लाल रंग पिवळ्यात उतरतो. कोरड्या हवेत असा थर आतपर्यंत वाळायला आठ ते बारा तास लागतात. पावसाळ्यात, किंवा कोकणासारख्या दमट हवेत, चोवीस तास लागतात, कधी त्याहून जास्त.

मग पूर्ण वाळलं हे ओळखायचं कसं? तीन खुणा आहेत. पहिली, ओल्या आयसिंगची चमक काचेसारखी असते. वाळलं की ती मंद होते. दुसरी, बोटाची मागची बाजू थराला लावा. गारवा लागला तर अजून पाणी उडतं आहे, जसा पाणी उडताना माठ गार राहतो. वाळलेलं आयसिंग खोलीइतकंच लागतं. तिसरी आणि सगळ्यात खात्रीची, नेहमी दोन बिस्किटं जास्तीची भरा. सकाळी त्यातलं एक मधोमध मोडा. थर कडकन मोडला आणि आतून कोरडा दिसला, तर सगळी वाळली. आत चिकट, ओलसर पट्टी दिसली तर अजून थांबा. मधोमधच मोडायचं, कारण थर तिथेच सगळ्यात जाड असतो आणि तिथेच सगळ्यात उशिरा वाळतो.

वाळवायची घाई झाली म्हणून काय करायचं नाही, तेही सांगते. उन्हात ठेवायचं नाही. बिस्किटातलं लोणी सुटून डाग पडतात आणि रंग उडतो. गरम ओव्हनमध्येही त्याच कारणाने नाही. आणि फ्रिजमध्ये तर मुळीच नाही. फ्रिजमधून बाहेर काढल्यावर गार बिस्किटावर हवेतलं पाणी जमतं, जसं गार पाण्याच्या तांब्यावर जमतं. त्याने वाळलेला थरही पुन्हा चिकट होतो आणि रंग पसरतात.

पावसाळ्यात पंखा लावूनही वाळत नाही, अशी तक्रार असते. तिचं कारण सरळ आहे. खोलीतली हवाच पाण्याने भरलेली असेल, तर ती आयसिंगमधलं पाणी घेणार कुठे? अशा वेळी तीन गोष्टी हातात असतात. एक, भरायचं आयसिंग दहा सेकंदांऐवजी पंधरा सेकंदांचं ठेवा, म्हणजे उडवायचं पाणीच कमी राहील. ते सपाट करायला टूथपिक जरा जास्त फिरवावी लागेल, एवढंच. दोन, ज्या खोलीत भात शिजतो, चहा उकळतो, ओले कपडे टांगलेले असतात, त्या खोलीत ताटं ठेवू नका. तीन, ऑर्डर घेतानाच एक दिवस जास्त मागून घ्या. आणि विजेचं भारनियमन असेल, तर पंखा कधी बंद होणार ते बघूनच भरायची वेळ ठरवा. रात्रीतून वीज जाणार असेल तर सकाळीच भरा. पहिल्या दोन-तीन तासांचा वारा चुकवायचा नाही.

आता आपल्या झबल्यांवर परत येऊ. दुसऱ्या दिवशी जास्तीचं बिस्किट मोडून बघितलं, कोरडं निघालं. आता नाव आणि फूल. नावाचं लाल आयसिंग रेघेच्या आयसिंगपेक्षा जरासं घट्ट ठेवा आणि एक नंबरचं बारीक नोझल लावा. मराठी अक्षरं गोलाईची असतात, त्यामुळे इथे घट्टपणाची खरी परीक्षा होते. आयसिंग पातळ असेल तर 'व'च्या आतलं भोक बुजतं, मात्रा शिरोरेषेला चिकटते आणि 'वेदा'चं काय झालं ते पाहुण्यांना कळत नाही. जास्त कडक असेल तर 'र'च्या वळणावर धागा तुटतो आणि प्रत्येक काना टोकदार होतो. आधी ताटाच्या पाठीवर नाव दोन-तीनदा काढून बघा. आधी अक्षरं, मग काने आणि शेवटी शिरोरेषा एका दमात, धागा सोडत. टोक राहिलंच, तर ओलसर बोटाने लगेच दाबून टाका.

लाल रंग गडद करायला जेल बराच लागतो आणि जितका रंग जास्त, तितका तो फिकट थरात उतरायचा धोका जास्त. यावर उपाय दोनच. खालचा थर पूर्ण वाळलेला हवा आणि लाल आयसिंगमध्ये पाणी कमीत कमी हवं. लाल वाटी आदल्या दिवशीच रंगवून झाकून ठेवली तर रंग रात्रीत आपोआप गडद होतो आणि जेल कमी लागतो. दुसऱ्या दिवशी वापरण्याआधी ती पुन्हा ढवळा, कारण ठेवलेल्या आयसिंगमध्ये तळाशी पाणी सुटतं.

गळ्याशी फूल काढताना नोझल सरळ उभं धरा, दाबा, दाब सोडा, मग उचला. नाव बारीक असतं, ते दोन-तीन तासांत वाळतं. फूल लहान दिसलं तरी जाड असतं. त्याला सात-आठ तास द्या.

तर रविवारच्या बारशाचं वेळापत्रक असं बसतं. गुरुवारी बिस्किटं भाजून गार करायची आणि डब्यात भरायची. शुक्रवारी दुपारी आयसिंग करायचं, चारपर्यंत रेघा आणि सातपर्यंत भराव व ठिपके. रात्रभर पंखा. शनिवारी सकाळी नऊला एक बिस्किट मोडून बघायचं, वाळलं असेल तर अकरापर्यंत नावं आणि फुलं. मग दिवसभर आणि रात्रभर उघडी ठेवायची. रविवारी सकाळी सातला पिशव्यांमध्ये भरायची. पावसाळा असेल तर भाजायचं काम बुधवारी आणि भरायचं गुरुवारी, म्हणजे पूर्ण एक दिवस आधी. उद्याचं बारसं आणि आज ऑर्डर, असं कुणी म्हटलं तर नाव काढलेलं बिस्किट देता येणार नाही, हे हात जोडून सांगायचं. पाहिजे तर साधी नानकटाई द्या. चिकटलेलं बिस्किट दिलं तर पुढची ऑर्डर येत नाही.

पिशवीत भरताना शेवटची काळजी. पूर्ण वाळलेलं बिस्किट पिशवीत बंद केलं तर चांगलं राहतं. पण थोडंही ओलं असताना बंद केलं, तर आतला ओलावा बाहेर जात नाही, थर पुन्हा मऊ होतो आणि पिशवीला चिकटतो. म्हणून शंका असेल तर पिशवीत घालू नका. ताटातच न्या आणि तिथे जाऊन भरा. बिस्किटं डब्यात उभी लावा, पाठीला पाठ आणि मध्ये कागद.

पहिली ऑर्डर घेण्याआधी गटात बसून एकदा सहा बिस्किटं करून बघा. भरायचं आयसिंग तीन वाट्यांत ठेवा. एक सहा सेकंदांचं, एक अकरा सेकंदांचं आणि एक वीस सेकंदांचं. प्रत्येकाने दोन-दोन बिस्किटं भरा, वेळ लिहून ठेवा आणि दर दोन तासांनी बोटाच्या मागच्या बाजूने तपासा. कुठलं ओघळलं, कुठल्याला खड्डा पडला आणि कुठलं आधी वाळलं, ते तुमच्या गावच्या हवेत तुमच्याच डोळ्यांनी दिसेल. ती वेळ कपाटाच्या दाराच्या आत लिहून ठेवा. एक ओळ थंडीची, एक ओळ उन्हाळ्याची आणि एक ओळ पावसाळ्याची. पुढची ऑर्डर घेताना ती ओळ बघूनच दिवस सांगा.